पिथमपूरची फार्मा नोकरी: सलग एकट्याने काम जमतं की माणसांत, हे बघून अर्ज कुठे करायचा

इंदुरात एमएस्सी रसायनशास्त्र किंवा बी. फार्म. झालेली मुलं नोकरी शोधायला लागली की एकच बायोडेटा क्यूसी, क्यूए, प्रॉडक्शन आणि रेग्युलेटरी अशा सगळ्या जागांवर पाठवतात. जिथून आधी फोन येतो तिथे रुजू होतात आणि वर्षाच्या आत सोडायचा विचार करू लागतात. कारण विचारलं की दोन उत्तरं ठरलेली असतात. "मला शांतपणे काम करायचं होतं, इथे दिवसभर फोन," किंवा "मला माणसांत राहायला आवडतं, इथे मशीनशिवाय कुणी नाही." चूक नोकरीत नसते. शोधाची सुरुवात पदाच्या नावापासून होते, तिथे ती असते. पदाच्या नावावरून पगाराचा थोडाफार अंदाज येतो, पण दिवस कसा जाणार हे कळत नाही.

पुढचे टप्पे पिथमपूरच्या गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामांवर बेतलेले आहेत. प्रयोगशाळेतलं काम मी जवळून पाहिलंय, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. आधी स्वतःची नोंद, मग कामांची पारख आणि सर्वात शेवटी पोर्टल उघडायचं.

## तयारी: आठ दिवसांची वही

"मी अबोल आहे" किंवा "मी बोलका आहे" असं ठरवून सुरुवात करू नका. लाजाळूपणा हा स्वभाव झाला, काम करण्याची पद्धत नव्हे. अनोळखी माणसाशी गप्पा मारताना घाम फुटणारी मुलगी मशीनपाशी उभी राहून ऑपरेटरला "ही बॅच मी सोडत नाही" असं ठामपणे सांगू शकते, कारण तिथे बोलण्याचा विषय ठरलेला असतो. उलट चारचौघांत रंगणाऱ्या मुलाला हिशेबाला बसल्यावर कुणी हाक मारलेली खपत नाही.

म्हणून आठ दिवस वही ठेवा. काम कोणतंही चालेल: प्रकल्पाचा अहवाल, कॉलेजची प्रयोगशाळा, शिकवणी घेणं, घरच्या दुकानाचा हिशेब, गणपती मंडळाची वर्गणी. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा. काम कधी सुरू केलं, मध्येच कधी तुटलं, कुणामुळे तुटलं आणि पुन्हा लय लागायला किती मिनिटं गेली. काम संपल्यावर थकवा आला की हुरूप, हे एका शब्दात लिहा.

सावधान: वही दिवसाच्या शेवटी आठवून भरू नका. आठवणीत चिडचिड तेवढी राहते, मिनिटं राहत नाहीत. काम तुटलं की लगेच लिहा.

## टप्पा 1: वहीतून तीन उत्तरं काढा

पहिलं उत्तर सलग वेळेचं. तुमचं चांगलं काम किती लांबीच्या बैठकीत होतं? काहींना दीड तास पुरतो आणि मग उठून फिरायचं असतं. काहींना अख्खा दिवस एकाच प्रश्नात बुडून जायचं असतं. "मला एकाग्रता लागते" असं दोघंही म्हणतात, पण त्यांना लागणाऱ्या नोकऱ्या वेगळ्या आहेत.

दुसरं उत्तर अवचितपणाचं. बोलणं तुम्ही ठरवलेल्या वेळी झालं तर चालतं, की कुणी कधीही येऊन विचारलं तरी चालतं? वहीत पुन्हा लय लागायला पाच मिनिटं दिसत असतील, तर अवचित हाका तुम्हाला सोसतील. वीस-पंचवीस मिनिटं दिसत असतील, तर सोसणार नाहीत. मग तुम्ही कितीही बोलके असा.

तिसऱ्या उत्तराकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात, ते ओढाताणीचं. समोरच्याला नको असलेली गोष्ट सांगावी लागली, तर तुमचा दिवस बिघडतो का? मंडळात वर्गणीचा हिशेब मागताना कसं वाटलं ते वहीत पाहा. माणसांत रमणं वेगळं आणि माणसांना अडवणं वेगळं.

तपासा: प्रत्येक उत्तरासाठी वहीतली निदान एक नोंद दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल, तर वही आणखी चार दिवस चालवा.

## टप्पा 2: पद बाजूला ठेवून दिवस पाहा

क्यूसी, म्हणजे तपासणी प्रयोगशाळा. शांत काम हवं असणारे सगळे इकडे धावतात, म्हणून आधी हिच्याबद्दल नीट सांगतो. सकाळी सॅम्पल वाटून मिळतात. एचपीएलसीसाठी मोबाइल फेज बनवायचा, कॉलम स्थिर होऊ द्यायचा, स्टँडर्ड आणि सॅम्पल तोलून द्रावणं करायची. हा तास-दीड तास खरा एकाग्रतेचा. इथे एक पिपेट चुकली तर पुढचा सगळा रन वाया जातो. मग स्टँडर्डची पाच-सहा इंजेक्शनं देऊन त्यांच्यातला फरक मर्यादेत आहे का ते बघतात. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी 2 टक्के सापेक्ष विचलनाची असते. ते जमलं की सीक्वेन्स लावून द्यायचा. अशुद्धींच्या चाचणीत एकेक इंजेक्शन तासभरसुद्धा चालतं, त्यामुळे रन रात्रभर चालू राहतो.

इथून पुढे दिवसाचे तुकडे होतात. दुसऱ्या उपकरणावर दुसरं सॅम्पल, मध्ये वर्कशीट भरणं, प्रॉडक्शनचा फोन की बॅच अडकलीय, रिझल्ट कधी, तेवढ्यात रिव्ह्यूअरची शंका आणि शिफ्ट बदलताना पुढच्याला सगळं समजावून देणं. निकाल मर्यादेबाहेर गेला तर तो लगेच वरिष्ठाला कळवायचा, द्रावणं फेकायची नाहीत आणि चौकशीत बसून प्रत्येक पायरीचं उत्तर द्यायचं. म्हणजे क्यूसी हे दीड-दोन तासांच्या सलग बैठकांचं काम आहे. दिवसभराच्या एकांताचं ते नाही.

क्यूसीच्या आतही मोठा फरक असतो आणि बाहेरच्या उमेदवारांना तो माहीत नसतो. तयार मालाच्या विभागात माल पाठवायची घाई असते, महिनाअखेरीला तर जास्तच. स्टॅबिलिटी विभाग औषध साठवून ठेवल्यावर किती काळ टिकतं ते बघतो, आणि तिथे कोणतं सॅम्पल कधी काढायचं हे आधीच ठरलेलं असतं. दीर्घ मुदतीच्या अभ्यासात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षाला एकदा. काम कमी नसतं, पण महिनाभर आधी कॅलेंडरवर दिसतं. ज्याला अवचितपणा सोसत नाही त्याने "क्यूसी" शोधू नये, "स्टॅबिलिटी" शोधावं.

आयपीक्यूए, म्हणजे उत्पादन चालू असताना जागेवरची गुणवत्ता तपासणी. बॅच सुरू होण्याआधी खोली आणि मशीन बघून लाइन क्लिअरन्स द्यायचा. मागच्या बॅचची एक गोळी किंवा लेबल जरी सापडलं तरी क्लिअरन्स नाही. मग ठरलेल्या अंतराने गोळ्यांचं वजन, कडकपणा, झीज, पाण्यात फुटायला लागणारा वेळ. शिफ्टभर पायी फिरणं आणि त्याच ऑपरेटरांशी, त्याच प्रॉडक्शन ऑफिसरशी बोलणं. सलग अर्धा तास बसायला मिळेल अशी आशा धरू नका.

मात्र "मला माणसं आवडतात" एवढ्यावर ही जागा घेतलेली मुलं इथे सर्वात जास्त दुखावली जातात. इथे काम असतं ते लाइन थांबवण्याचं. प्रॉडक्शनवर आकड्याचं ओझं असतं, आणि त्या क्षणी तुम्ही त्यांना नको असलेले पाहुणे असता. तिसऱ्या उत्तरात "अडवलं की दिवस बिघडतो" असं आलं असेल, तर हे काम सोडा, मग तुम्ही कितीही मनमिळाऊ असा. अबोल पण ठाम माणसाने मात्र जरूर विचार करावा.

प्रॉडक्शन ऑफिसर. माणसं सांभाळायची आणि बॅच रेकॉर्ड वेळेत भरायचं. सतत संपर्क आणि सतत निर्णय. तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्या दिवसात ज्याला हुरूप येतो त्याच्यासाठी ही जागा सरळ आहे.

ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंट. तपासणीची पद्धतच तयार करणं. एक अशुद्धी दुसरीपासून वेगळी होत नसेल तर कॉलम बदला, पीएच बदला, पुन्हा बघा, आणि हे आठवडेच्या आठवडे. अख्खा दिवस एकाच प्रश्नात बुडणाऱ्यांची ही खरी जागा. अडचण अशी की हे काम संशोधन केंद्रांत चालतं आणि अशा जागा अहमदाबाद, वडोदरा, मुंबई, हैदराबादकडे जास्त निघतात. घर सोडायची तयारी आहे का, हे घरी आधीच बोलून घ्या.

रेग्युलेटरी अफेअर्स. औषध मंजुरीसाठी लागणारा दस्तऐवज, म्हणजे सीटीडी, पाच मॉड्यूलमध्ये बांधतात, त्यातलं तिसरं मॉड्यूल गुणवत्तेचं. वाचन आणि लेखन भरपूर, खुर्ची आपली, वातानुकूलित खोली. म्हणून हे मूक काम आहे असा समज पसरलाय. पण कागद तुमच्याकडे नसतात. क्यूसीकडून प्रमाणपत्र, प्रॉडक्शनकडून बॅच रेकॉर्ड, पॅकिंगकडून तपशील, सगळ्यांच्या मागे लागून मिळवायचं आणि शंकांना मुदतीत उत्तर द्यायचं. बोलणं ठरवून करता येतं, पण पाठपुरावा चुकत नाही.

एमआर. दिवसभर डॉक्टरांना भेटायचं म्हणजे माणसांचं काम, असं वाटतं. प्रत्यक्ष बोलणं दोन-चार मिनिटांचं असतं आणि त्यासाठी दवाखान्याबाहेर पाऊण तास थांबावं लागतं. सोबत सहकारी नसतो. ज्याला संघात राहून काम करायला आवडतं त्याला हे एकाकी वाटतं. ज्याला अनोळखी माणसाशी थोडक्यात, मुद्द्याचं बोलता येतं आणि स्वतःचा दिवस स्वतः आखता येतो, त्याला जमतं.

सावधान: यातल्या एकाही कामावर कायमचं "शांत" किंवा "बोलकं" असं लेबल लावू नका. ऑडिट आलं की शांत विभागही आठ-दहा दिवस गजबजून जातो. तुम्हाला बघायचाय तो साधा, नेहमीचा दिवस.

## टप्पा 3: आता शोधा, पण नेमके शब्द घालून

नुसतं `Chemist` टाकलं की सगळी खिचडी समोर येते. विभागाचं नाव घाला. जागेचं नावही आलटून पालटून घाला. पिथमपूर धार जिल्ह्यात येतं, त्यामुळे तीच जाहिरात कुणी इंदूर लिहून टाकतं, कुणी पिथमपूर, तर कुणी धार.

```
QC Stability Pithampur
IPQA Officer Tablet Indore
Analytical Development HPLC Ahmedabad
Regulatory Affairs CTD Indore
```

जाहिरात वाचताना पात्रतेपेक्षा कामाच्या यादीकडे जास्त लक्ष द्या आणि क्रियापदं मोजा. `analyse`, `prepare`, `review`, `calibrate` असे शब्द जास्त असतील तर काम हातातलं आहे. `coordinate`, `follow-up`, `liaise`, `handle manpower` जास्त असतील तर दिवस माणसांत जाईल. `audit facing` दिसलं तर ऑडिटरसमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागतील असं समजा. कामाची यादीच नसेल, फक्त "उमेदवार हवेत" असेल, तर ती जाहिरात बाद करू नका. तिच्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवा आणि पुढच्या टप्प्यात फोनवर विचारा.

रविवारी वॉक-इन असेल तर एक काळजी घ्या. एकाच टेबलावर क्यूसी, क्यूए, प्रॉडक्शन सगळ्यांची भरती चालू असते. जिथे जागा रिकामी तिथे तुम्हाला वळवलं जातं. फॉर्मवर "कोणताही विभाग" असं कधीच लिहू नका.

## टप्पा 4: मुलाखतीत काय विचारायचं

"कामाचं वातावरण कसं आहे?" असं विचारलंत तर "चांगलं आहे" हेच उत्तर मिळणार. एचआरला पगार आणि बस विचारा. दिवसाबद्दल विभागातल्या माणसाला विचारा, तेही असे प्रश्न की ज्यांचं उत्तर आकड्यात किंवा घटनेत येईल:

- एका शिफ्टमध्ये एका अ‍ॅनालिस्टकडे किती एचपीएलसी असतात?
- वर्कशीटचा रिव्ह्यू वेगळी माणसं करतात की अ‍ॅनालिस्टच एकमेकांचा करतात?
- निकाल किती वाजेपर्यंत हवा हे कोण ठरवतं, आणि ते दिवसात बदलतं का?
- नवीन माणूस आधी कोणत्या विभागात बसतो?

एका माणसाकडे एक-दोन उपकरणं असतील तर सलग बैठक शक्य आहे. तीन-चार असतील तर तुमचा दिवस उपकरणांच्या हाका ऐकण्यात जाईल. एकमेकांचा रिव्ह्यू असेल तर तुमचं काम दिवसात अनेकदा तुटेल. तिसऱ्या प्रश्नाला "प्रॉडक्शन सांगेल तसं" असं उत्तर आलं, तर अवचितपणा भरपूर आहे.

तपासा: मुलाखतीत मिळालेलं उत्तर एका तरी आतल्या माणसाकडून पडताळून घ्या. राऊ, राजेंद्रनगर, अन्नपूर्णा भागात पिथमपूरला जाणारं कुणीतरी प्रत्येक गल्लीत सापडतं. "नोकरी लावून दे" म्हणत जाऊ नका. "काका, तुमच्या विभागात नवीन मुलाचा कालचा दिवस कसा गेला?" एवढंच विचारा. लोक मोकळेपणाने सांगतात.

## एक उदाहरण पूर्ण करून

माझ्या भाचीने एमएस्सीनंतर रेग्युलेटरीचाच हट्ट धरला होता. "मामा, मला कुणाशी बोलायला नको, कागदांत बरं वाटतं." तिला वही ठेवायला लावली. प्रबंध लिहिताना ती तास-सव्वा तासात चांगलं लिहायची आणि मग आपणहून उठायची. आईने हाक मारली तर परत लय लागायला तीन-चार मिनिटं. शिकवणीच्या मुलांच्या पालकांकडे फी मागायची नोंद दोनदा होती आणि दोन्ही वेळा पुढे "थकवा" लिहिलेलं. प्रयोगशाळेत उपकरण बिघडल्यावर लॅब असिस्टंटशी अर्धा तास डोकं लावलं, तिथे "हुरूप".

म्हणजे तिला अख्ख्या दिवसाचा एकांत नको होता. दीड तासाच्या बैठका पुरेशा होत्या आणि हाका सोसत होत्या. नको होतं ते मागे लागणं. रेग्युलेटरीत मागे लागणंच मोठं, म्हणून ते यादीत खाली गेलं. आयपीक्यूए ओढाताणीमुळे गेलं. ॲनॅलिटिकल डेव्हलपमेंट जमलं असतं, पण तिथल्या लांब बैठकांची तिला गरज नव्हती आणि घर सोडायचं नव्हतं. उरलं क्यूसी, आणि त्यात स्टॅबिलिटी किंवा कच्च्या मालाचा विभाग.

तिला दोन बोलावणी आली. पहिल्या ठिकाणी तयार मालाचा विभाग, एकाकडे तीन एचपीएलसी, निकालाची वेळ डिस्पॅच ठरवणार. दुसऱ्या ठिकाणी पगार थोडा कमी, विभाग स्टॅबिलिटी, उपकरणं दोन, रिव्ह्यूला वेगळी माणसं. घरी सगळ्यांचा कल पहिल्याकडे होता. तिने दुसरी जागा घेतली. माझ्या मते बरोबर केलं, कारण फरकाची रक्कम बसभाड्याएवढीही नव्हती आणि बस दोन्हीकडे कंपनीचीच होती. फरक मोठा असता तर मी तिला पहिली जागा घेऊन वर्षाने विभाग बदलून मागायला सांगितलं असतं.

## टप्पा 5: रुजू झाल्यावर निर्णय कधी करायचा

पहिले काही आठवडे एसओपी वाचण्यात आणि प्रशिक्षणाच्या कागदांवर सह्या करण्यात जातात. अ‍ॅनालिस्ट म्हणून पात्रता तपासून झाल्याशिवाय नियमित सॅम्पल हातात देत नाहीत. हा काळ सगळ्यांना फसवतो. शांतता हवी असणाऱ्याला वाटतं की आपल्याला स्वर्ग मिळाला, आणि बोलक्याला वाटतं की आपण कुजतोय. या काळावरून काहीही ठरवू नका. स्वतंत्रपणे सॅम्पल मिळायला लागल्यावर पुन्हा आठ दिवस तीच वही ठेवा आणि जुन्या नोंदींशेजारी ठेवून बघा.

कामाची लय जमत नाही असं दिसलं, तर आधी तपासा की त्रास कामाचा आहे की शिफ्टचा. रात्रपाळीचा थकवा "हे काम माझं नाही" असं बोलायला लावतो. दिवसपाळीच्या आठवड्यातही तेच दिसलं, तरच पुढे जा.

राजीनाम्याआधी विभागबदल मागा. क्यूसीतून क्यूएत, दोन-तीन वर्षांनी रेग्युलेटरीत जाणारी माणसं प्रत्येक कारखान्यात भेटतात, कारण उपकरणं आणि कागदपत्रं दोन्ही त्यांना कळतात. एमआर होऊन दोन वर्षांनी प्रयोगशाळेत परतणं मात्र कठीण जातं. मुलाखतीत उपकरणाचे बारीक प्रश्न येतात आणि हात सुटलेला लगेच कळतो. ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतंय त्यांनी प्रयोगशाळेपासून सुरुवात करावी.

विभागबदल मागताना "इथे फार बोलावं लागतं" असं सांगू नका. वहीतून बोला: तयार मालाच्या विभागात माझी वर्कशीट रिव्ह्यूतून इतक्या वेळा परत आली, त्यातली बहुतेक मध्येच उठावं लागलं त्या दिवसांची आहेत, स्टॅबिलिटीत जागा निघाली तर मला विचारा. वरिष्ठाला परत येणाऱ्या वर्कशीटची डोकेदुखी रोजचीच असते, त्यामुळे असं बोलणं त्याला समजतं. अर्ज तोंडी करून थांबू नका. ईमेलने द्या आणि वार्षिक मूल्यमापनाच्या आधीच्या महिन्यात द्या, कारण माणसांची फेरवाटणी सहसा त्याच सुमारास होते.